हिवताप ‘उलटतो’ तेव्हा

पावसाळ्याच्या उत्तरार्धात ग्रामीण भागातील आरोग्य केंद्रांवर एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘ताप उलटला.’ महिना-दीड महिन्यापूर्वी हिवतापावर उपचार घेतलेला मनुष्य पुन्हा थंडी वाजून तापाने फणफणतो. मग घरची माणसे कधी औषधाला, कधी औषध देणाऱ्याला, तर कधी नशिबाला बोल लावतात. ‘उलटणे’ हा मराठी शब्द या अनुभवाला पुरेसा बोलका आहे खरा. परंतु एकाच नावाखाली तो दोन निरनिराळ्या घटना झाकून टाकतो. एका प्रकारात रोगजंतू यकृतातून नव्याने रक्तात येतात. दुसऱ्या प्रकारात ते रक्तातून कधी पूर्णपणे गेलेलेच नसतात. पहिल्या घटनेस वैद्यकशास्त्रात ‘रिलॅप्स’ म्हणतात. तिला येथे पुनरावर्तन म्हटले आहे. दुसरीला ‘रिक्रुडेसन्स’ असे नाव असून तिच्यासाठी पुनरुद्रेक हा शब्द वापरला आहे. हा भेद केवळ शब्दांचा नव्हे. कोणते औषध अपुरे पडले, आता कोणते द्यावयाचे आणि गावात औषधास न जुमानणारा जंतू शिरला आहे काय, हे तिन्ही प्रश्न या भेदावर अवलंबून असतात.

विषय समजण्यासाठी एक उदाहरण कल्पू. गडचिरोली जिल्ह्यातील जंगलालगतच्या एका गावात १० ऑगस्ट रोजी दोन पुरुषांना थंडीताप भरला. एक जण धानाच्या रोवणीवर जाणारा शेतमजूर, तर दुसरा गुरे घेऊन जंगलात मुक्काम करणारा गुराखी. आशा कार्यकर्तीने दोघांचेही रक्तनमुने घेतले. मजुराच्या रक्तात व्हायवॅक्स जातीचे जंतू आढळले, गुराख्याच्या रक्तात फॅल्सिपेरम जातीचे. दोघांनाही त्याच दिवशी औषध सुरू झाले. तीन दिवसांत दोघांचाही ताप उतरला आणि दोघांनीही उरलेल्या गोळ्या घराच्या फळीवर ठेवून दिल्या. गुराख्याचा ताप २९ ऑगस्टला, म्हणजे १९ व्या दिवशी परतला. मजुराचा परतला तो २४ सप्टेंबरला, ४५ व्या दिवशी. चूक दोघांची एकच, मग तारखांत एवढे अंतर का पडले, हे पाहू लागले की या रोगाची सारी रचना उलगडत जाते.

यकृतातील मुक्काम

डासाची मादी चावते तेव्हा तिच्या लाळेतून आलेले जंतू अर्ध्या-एक तासाच्या आतबाहेर यकृताच्या पेशींत जाऊन बसतात. तेथे ते सुमारे आठवडाभर वाढतात. या काळात ताप नसतो, अंगदुखी नसते, आणि रक्ताची कितीही बारकाईने तपासणी केली तरी काही सापडत नाही. नंतर यकृताची पेशी फुटून हजारो जंतू रक्तात येतात आणि तांबड्या रक्तपेशींत शिरतात. तेथे दर ४८ तासांनी त्यांची एक पिढी पूर्ण होते. पेशी फुटतात, नवे जंतू नव्या पेशींत शिरतात आणि त्या फुटण्याबरोबर थंडी व ताप येतो. येथपर्यंतची कथा दोन्ही जातींची जवळजवळ सारखीच आहे.

फरक पडतो तो यकृतात. फॅल्सिपेरमचे सर्व जंतू एकदाच यकृतातून बाहेर पडतात आणि मग यकृत रिकामे होते. व्हायवॅक्सचे मात्र काही जंतू वाढतच नाहीत. ते एकेकटे, अत्यंत सूक्ष्म अवस्थेत पेशीत निजून राहतात. त्यांना ‘हिप्नोझॉइट’, म्हणजे निद्रिस्त जंतू, असे नाव आहे. हा शोध फार जुना नाही. हिवतापाचे जंतू डासाच्या शरीरात वाढतात हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबाद येथे दाखवून दिले; पण ते रक्तात येण्यापूर्वी यकृतात राहतात हे शॉर्ट व गार्नहॅम यांनी सिद्ध करेपर्यंत १९४८ साल उजाडले. निजलेले जंतू प्रत्यक्ष सूक्ष्मदर्शकाखाली दिसले ते तर १९८० च्या सुमारास, क्रोटोस्की व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून. तोपर्यंत व्हायवॅक्सचा ताप महिन्यांनी परत का येतो याविषयी केवळ तर्कच चालत असत.

हे निद्रिस्त जंतू केव्हा जागे व्हावयाचे याचे वेळापत्रक त्यांच्या वाणावर अवलंबून असते. उष्ण प्रदेशांतील वाण लवकर जागे होतात. शीघ्र परिणाम संपणारे औषध दिल्यास ताप सुमारे तीन आठवड्यांतच परततो. थंड प्रदेशांतील वाण आठ-दहा महिने स्वस्थ राहून पुढच्या डासांच्या हंगामास जागे होतात. जेथे हिवाळ्यात डास नाहीतसे होतात तेथे जंतूने माणसाच्या यकृतात हिवाळा काढावा, ही निसर्गाने केलेली सोय विलक्षणच म्हटली पाहिजे. भारतात दोन्ही प्रकारचे वाण आढळतात. म्हणून येथे व्हायवॅक्सचा रुग्ण सहा-सात आठवड्यांनी परत आला तरी नवल नाही आणि पुढच्या वर्षी आला तरी नाही.

मजुराचे ४५ दिवस

व्हायवॅक्सच्या उपचारात दोन औषधे असतात व दोघांची कामे अगदी वेगळी आहेत. क्लोरोक्विन रक्तातील जंतू मारते. प्रौढ रुग्णास ते पहिल्या दिवशी ६०० मिलिग्रॅम, दुसऱ्या दिवशी ६०० व तिसऱ्या दिवशी ३०० असे देतात. ताप उतरतो तो याच औषधाने. यकृतात निजलेल्या जंतूंना मात्र त्याचा काहीही उपसर्ग पोहोचत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन असते. प्रौढांस रोज १५ मिलिग्रॅम याप्रमाणे ते १४ दिवस घ्यावयाचे असते. रोग्याच्या दृष्टीने पाहता हा व्यवहार विचित्रच आहे. ज्या औषधाने बरे वाटते ते तीन दिवसांत संपते. ज्याने काहीच जाणवत नाही ते बरे वाटल्यानंतर आणखी अकरा दिवस घ्यावे लागते.

आपल्या मजुराने क्लोरोक्विन पुरते घेतले. प्रायमाक्विन १० ते १३ ऑगस्ट असे चार दिवस घेतले आणि रोवणीच्या घाईत पुढचे सोडले. आवश्यक मात्रा एकूण २१० मिलिग्रॅम. पोटात गेली ६०. प्रायमाक्विनच्या बाबतीत महत्त्व आहे ते या एकूण मात्रेलाच. हे औषध शरीरातून काही तासांत निघून जाते, त्यामुळे आज घेतलेल्या गोळीचा उद्यासाठी साठा होत नाही. जंतूंवरील परिणाम मात्र दिवसागणिक साचत जातो. एकूण मात्रा पुरेशी झाली नाही तर निद्रिस्त जंतूंपैकी बरेच जिवंत उरतात.

चार दिवसांनी काही तरी लाभ होतच असेल, असे मनात येणे स्वाभाविक आहे. आपल्या देशाच्या हिवताप कार्यक्रमातही एके काळी पाच दिवसांच्या प्रायमाक्विनवर दीर्घकाळ भिस्त ठेवण्यात आली होती. मुंबईत रुग्णांवर झालेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच दिवसांच्या मात्रेने पुनरावर्तन टळत नाही, १४ दिवसांच्या मात्रेने टळते, असे स्पष्ट दिसून आले. पुढे राष्ट्रीय धोरणातही १४ दिवसांचीच मात्रा आली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली रोजची मात्रा दुप्पट करून सात दिवसांत उपचार पुरा करण्याची पद्धतही मान्य केली आहे. दिवस निम्मे झाले, तरी एकूण मात्रा तीच राहिली, हे लक्षात घेण्यासारखे आहे. अर्थात दुप्पट मात्रेपूर्वी ज्या रक्तदोषाचा उल्लेख पुढे येणार आहे त्याची तपासणी आवश्यक ठरते.

आता ४५ दिवसांचा हिशेब. निद्रिस्त जंतूंपैकी काही तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे ऑगस्टच्या अखेरीस, जागे होऊन रक्तात उतरले असतील. परंतु क्लोरोक्विन शरीरातून फार सावकाश जाते. घेतल्यापासून चार-पाच आठवडे त्याचा अंश रक्तात पुरेशा प्रमाणात टिकतो. त्यामुळे ऑगस्टअखेर उतरलेले जंतू रक्तात येताच मेले व मजुरास त्याचा पत्ताही लागला नाही. सप्टेंबरच्या मध्यास क्लोरोक्विनचा पहारा ओसरला. त्यानंतर जे जंतू उतरले त्यांना अडविणारे कोणी नव्हते. ते वाढून ताप येण्याइतके होण्यास आणखी आठ-दहा दिवस लागले आणि २४ सप्टेंबरला थंडी भरली. क्लोरोक्विन घेतलेल्या व्हायवॅक्सच्या रुग्णाचा ताप आपल्याकडे साधारणपणे पाच ते आठ आठवड्यांनी उलटतो, त्याचे कारण हे असे आहे. तो कालावधी पहिल्या औषधाच्या पहाऱ्याने ठरतो. निद्रिस्त जंतू सर्वच्या सर्व एकदम जागे होत नसल्याने हा प्रकार दोन-तीन वर्षांपर्यंत पुनःपुन्हा घडू शकतो.

मजुराने प्रायमाक्विन पूर्ण घेतले असते आणि क्लोरोक्विनच अर्धवट सोडले असते, तर चित्र पालटले असते. अशा वेळी रक्तातीलच काही जंतू वाचतात आणि ताप दोन आठवड्यांच्या आत परततो. हा व्हायवॅक्सचा पुनरुद्रेक होय. म्हणजे ‘व्हायवॅक्स म्हणजे पुनरावर्तन’ हे समीकरण नेहमीच खरे नसते. साधारण ठोकताळा असा की, पूर्ण क्लोरोक्विन घेऊनही १६ दिवसांच्या आत व्हायवॅक्स परतला तर रक्तातील जंतू मेले नाहीत असे समजावे. १७ ते २८ दिवसांत परतला तर त्याचा उगम कोठेही असो, क्लोरोक्विनचा अंश रक्तात असताना तो वाढला, ही बाब वरिष्ठांस कळविण्याजोगी असते. २८ दिवसांनंतर आला तर बहुधा यकृतातून आलेला असतो, किंवा नवा डास चावलेला असतो.

गुराख्याचे १९ दिवस

फॅल्सिपेरमच्या बाबतीत यकृताचा प्रश्नच उरत नाही. येथे सारा लढा रक्तातच होतो आणि त्याचा जमाखर्च जवळजवळ अंकगणिताने मांडता येतो.

समजा, गुराख्याच्या रक्तात पहिल्या दिवशी प्रत्येक मायक्रोलिटरमागे २० हजार जंतू होते. मायक्रोलिटर म्हणजे लहानशा थेंबाचाही एक अंश. शरीरातील पाच लिटर रक्ताच्या मानाने ही संख्या सुमारे १० हजार कोटी होते. आर्टेमिसिनिन वर्गातील औषध अत्यंत जलद काम करते. जंतूंच्या एका पिढीच्या, म्हणजे ४८ तासांच्या अवधीत ते त्यांची संख्या १० हजारांनी भागते, असे धरण्यास हरकत नाही. दोन दिवसांच्या गोळ्यांनंतर १० हजार कोटींचे १ कोटी उरतात. तीन दिवसांच्या पूर्ण उपचारात दोन पिढ्या औषधाखाली सापडतात, म्हणून १ कोटीचे केवळ १ हजार उरतात. या उरलेल्या हजारांचा निकाल लावण्यासाठीच दुसरे, अधिक काळ टिकणारे औषध जोडीला देतात. आर्टेमिसिनिन एकटे दिल्यास ताप झटकन उतरतो पण पुष्कळदा परततो. म्हणून तोंडाने घ्यावयाच्या एकेरी आर्टेमिसिनिन गोळ्या आपल्या देशात वर्ज्य ठरविण्यात आल्या आहेत.

कोणत्या भागात कोणती जोडी वापरावयाची हे शासनाच्या प्रचलित सूचनांवरून ठरते. आपल्या उदाहरणात आर्टेमेथर व ल्युमेफँट्रीन ही जोडी दिली होती असे मानू. ती प्रौढास सकाळ-संध्याकाळ चार-चार गोळ्या याप्रमाणे तीन दिवस, म्हणजे एकूण २४ गोळ्या अशी असते. गुराख्याने पहिल्या दोन दिवसांच्या १६ घेतल्या, ८ ठेवल्या. त्याच्या शरीरात १ कोटी जंतू उरले. हा आकडा मोठा वाटतो. पण सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टीवर जंतू दिसण्यासाठी शरीरात साधारणपणे २५ कोटी असावे लागतात. म्हणून तिसऱ्या दिवशी रक्त तपासले असते तर तंत्रज्ञाने प्रामाणिकपणे ‘जंतू नाहीत’ असेच लिहिले असते. रुग्णाला ताप नाही, पट्टीवर जंतू नाहीत, आणि तरीही अंगात कोटभर जंतू जिवंत! पुनरुद्रेकाचे मूळ या न दिसणाऱ्या शिलकीत असते.

ही शिल्लक औषधाच्या अभावी दर ४८ तासांस सुमारे दहापट वाढते. १ कोटीचे १० कोटी, मग १०० कोटी, मग १ हजार कोटी. म्हणजे तसे पाहता ताप आठवड्याभरातच परतावयास हवा होता. तो १९ व्या दिवशी परतला, कारण ल्युमेफँट्रीनचा अंश काही दिवस रक्तात टिकला आणि त्याने वाढ रोखून धरली. पण गोळ्याच कमी गेल्याने शिल्लक पुरती नष्ट करण्याइतका तो नव्हता. पहारा सैल होताच वाढ सुरू झाली. फॅल्सिपेरमचे बहुतेक पुनरुद्रेक अशा रीतीने दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यांत उघड होतात. जोडीचे औषध फार दीर्घकाळ टिकणारे असेल तर सहा आठवड्यांपर्यंतही लांबतात. वर्षानंतर मात्र सहसा नाही. एका वर्षाने फॅल्सिपेरम आढळल्यास तो नवा डास चावल्यामुळे, असेच प्रथम समजावे. (चौथ्या दिवशी ताप येणाऱ्या मलेरिए जातीचे जंतू यास अपवाद आहेत. ते यकृतात निजत नाहीत, तरीही रक्तात अत्यल्प प्रमाणात दशकानुदशके राहिल्याची उदाहरणे वैद्यकाच्या इतिहासात नमूद आहेत.)

गोळ्या मोजून संपल्या तरी औषध अपुरे पडू शकते, हेही येथे सांगितले पाहिजे. ल्युमेफँट्रीन स्निग्ध पदार्थाबरोबर शरीरात नीट शोषले जाते. उपाशीपोटी घेतल्यास त्याचा मोठा भाग वाया जातो. गोळ्या घेतल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली तर ती मात्रा धरावयाची नाही, पुन्हा द्यावयाची. मुलांना वजनाऐवजी अंदाजाने गोळ्या दिल्या तर थोराड मुलास हमखास कमी पडतात. अशा रुग्णाच्या कार्डावर ‘उपचार पूर्ण’ असे लिहिलेले असते आणि ताप परतला की जंतू औषधास दाद देत नाही असा निष्कर्ष निघतो. तो काढण्यापूर्वी गोळी कशी घेतली याची चौकशी झाली पाहिजे.

निदानातील फसगती

परतलेला ताप हिवतापाचाच आहे काय, ही पहिली शंका रक्त तपासूनच फिटते. पण येथे एक मोठी फसगत संभवते. खेड्यांत वापरली जाणारी जलद निदान चाचणी फॅल्सिपेरमच्या जंतूंनी सोडलेले एक प्रथिन ओळखते. जंतू मेल्यावरही हे प्रथिन रक्तात काही आठवडे रेंगाळते. त्यामुळे पूर्ण बऱ्या झालेल्या माणसाची चाचणी महिनाभर ‘होकारार्थी’ येऊ शकते. त्याला दुसऱ्याच कारणाने ताप आला तरी चाचणी हिवताप दाखविणार. नुकताच फॅल्सिपेरमचा उपचार झालेल्या रुग्णाचा पुनरुद्रेक ठरवावयाचा असेल तर काचपट्टी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू पाहणे, हाच मार्ग होय.

काचपट्टी वाचतानाही तारतम्य लागते. फॅल्सिपेरमच्या रक्तात आजाराच्या पहिल्या आठवड्यानंतर चंद्रकोरीच्या आकाराचे जंतू दिसू लागतात. ते डासासाठी असतात. रुग्णास त्यांच्यामुळे ताप येत नाही. उपचारानंतरही ते काही आठवडे टिकतात. सातव्या दिवशीच्या पट्टीवर केवळ चंद्रकोरी दिसल्या म्हणून उपचार फसला असे म्हणता येत नाही. अंगठीच्या आकाराचे, वाढणारे जंतू दिसले तरच तो पुनरुद्रेक. चंद्रकोरींसाठी म्हणून फॅल्सिपेरमच्या रुग्णास प्रायमाक्विनची एकच मात्रा, प्रौढास ४५ मिलिग्रॅम, देतात. तीच गोळी, पण काम निराळे. व्हायवॅक्सच्या १४ दिवसांशी तिचा घोटाळा होऊ देता कामा नये.

पुनरुद्रेक आणि नवा संसर्ग यांतील भेद गावपातळीवर निश्चयाने सांगता येत नाही. संशोधनात पहिल्या व दुसऱ्या वेळच्या फॅल्सिपेरम जंतूंची जनुकीय ठेवण ताडून पाहतात. सारखी असेल तर पुनरुद्रेक, भिन्न असेल तर नवा डास. व्हायवॅक्समध्ये हीही युक्ती अपुरी पडते, कारण यकृतात निजलेला जंतू कधी काळी दुसऱ्याच डासाने सोडलेला असू शकतो. अलीकडच्या संशोधनात व्हायवॅक्सचे जंतू प्लीहेतही मोठ्या संख्येने आढळले आहेत. त्यामुळे ज्यांस आपण यकृतातील पुनरावर्तन म्हणतो त्यांपैकी काही प्रत्यक्षात तेथून आलेले असावेत, अशीही शक्यता व्यक्त होत आहे. तरीही दप्तरी कामासाठी जंतूची जात, उपचार सुरू झाल्याची तारीख आणि पोटात गेलेल्या गोळ्यांची संख्या एवढ्या तीन नोंदी असल्या की बहुतेक प्रकरणांचा उलगडा होतो. दुर्दैवाने रुग्णाच्या कार्डावर तिसरी नोंद क्वचितच सापडते. तेथे दिलेल्या गोळ्या लिहिलेल्या असतात, घेतलेल्या नव्हेत.

प्रत्येक पुनरावर्तनास रुग्णाचा हलगर्जीपणा कारणीभूत असतो असेही नाही. गरोदर स्त्रीस प्रायमाक्विन देता येत नाही. तिच्या बाबतीत ताप परतण्याची शक्यता गृहीत धरून प्रसूतीपर्यंत लक्ष ठेवावे लागते. काही माणसांच्या तांबड्या पेशींत ‘जी-६-पी-डी’ नावाच्या वितंचकाची जन्मतः कमतरता असते. प्रायमाक्विनने त्यांच्या पेशी फुटू लागतात. लघवी काळ्या चहासारखी होणे, डोळे पिवळे पडणे, धाप लागणे ही त्याची चिन्हे होत. ती दिसताच गोळी थांबवून रुग्णास डॉक्टरकडे न्यावे. १४ दिवस गोळी घेण्याचा आग्रह धरणाऱ्याने ही चिन्हेही त्याच वेळी सांगितली पाहिजेत. याशिवाय काहींच्या यकृतात प्रायमाक्विनचे क्रियाशील रूपच नीट तयार होत नाही; त्यांनी १४ दिवस इमानेइतबारे गोळ्या घेतल्या तरी ताप उलटतो.

पुन्हा त्या गावात

२९ ऑगस्टला गुराख्याची काचपट्टी घेतली गेली. तिच्यावर अंगठ्या व चंद्रकोरी दोन्ही दिसल्या. २८ दिवसांच्या आत फॅल्सिपेरम परतला असता तीच जोडी पुन्हा देत नाहीत. वैद्यकीय अधिकारी दुसरी जोडी निवडतो आणि फॅल्सिपेरम अकस्मात मेंदूपर्यंत पोहोचू शकतो हे ध्यानी ठेवून रुग्णावर लक्ष ठेवतो. या वेळी प्रत्येक मात्रा आशा कार्यकर्तीसमोर, जेवणानंतर देण्यात आली. २६ सप्टेंबरपर्यंत, म्हणजे आणखी २८ दिवस, दर आठवड्यास पट्टी घेण्यात आली व ती स्वच्छ निघाली.

मजुराला २४ सप्टेंबरला क्लोरोक्विनचे तीन दिवस पुन्हा मिळाले; त्याच्या जंतूने क्लोरोक्विनला दाद दिली नव्हती असे मानण्यास कारण नव्हते. प्रायमाक्विन पहिल्या गोळीपासून पुन्हा मोजले गेले. ऑगस्टमधील चार गोळ्या हिशेबात धरल्या नाहीत. ७ ऑक्टोबरला चौदावी गोळी झाली. दरम्यान त्याच्यापासून इतरांस धोका होताच. व्हायवॅक्समध्ये डासासाठी लागणारे जंतू तापाबरोबरच, किंबहुना आधीच, रक्तात उतरतात. म्हणून पुनरावर्तनाचा रुग्ण हा गावासाठी नव्या रुग्णासारखाच असतो, मग तो डास गावात नव्याने आलेला असो वा नसो.

५ ऑक्टोबरला गुराख्याला तिसऱ्यांदा थंडी भरली. गावात बोलले गेले की दुसरे औषधही फुकट गेले. केंद्रात काचपट्टी पाहिली तेव्हा तिच्यावर फॅल्सिपेरमचा एकही जंतू नव्हता. होते ते व्हायवॅक्सचे. दोन्ही जाती जेथे नांदतात तेथे फॅल्सिपेरमच्या उपचारानंतर काही आठवड्यांनी व्हायवॅक्स डोके वर काढतो, असे थायलंड-म्यानमार सीमेवरील रुग्णांत पुष्कळदा दिसून आले आहे. पूर्वी केव्हा तरी त्याच्या यकृतात जाऊन निजलेले जंतू आता जागे झाले होते. फॅल्सिपेरमसाठी दिलेल्या प्रायमाक्विनच्या एकाच मात्रेचा त्यांच्यावर परिणाम होणे शक्य नव्हते. नोंदवहीत ‘तिसऱ्यांदा उलटला’ असे लिहिले होते. ते खोडून तेथे व्हायवॅक्स, ५ ऑक्टोबर, पहिला दिवस अशी नवी ओळ घालण्यात आली आणि त्याच्यासाठी क्लोरोक्विनच्या तीन दिवसांच्या व प्रायमाक्विनच्या चौदा गोळ्या मोजून काढल्या गेल्या.